पंचिंग बॅग आणि भाच्याचा राग

राग आला की तो कशावर तरी काढून टाकावा, म्हणजे मन मोकळं होतं, या सल्ल्याबद्दल आपल्याकडे सहसा वाद होत नाही. उशीला बुक्क्या मार, जुन्या कपबशा फोड, व्यायामशाळेत जा आणि बॅगेवर हात साफ करून ये. सल्ला देणारी माणसं भली असतात आणि बहुतेक स्वतःच्या अनुभवावरून बोलत असतात. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आक्रमकतेचा धडा सुरू करायच्या आधी दर वर्षी विचारते, की असा राग बाहेर काढला तर तो कमी होतो असं किती जणांना वाटतं? जवळजवळ सगळा वर्ग हात वर करतो. मग मी सांगते की या समजुतीवर गेली साठेक वर्षं प्रयोग होताहेत आणि निकाल पुन्हा पुन्हा उलटाच लागलाय. त्यावर वर्गातून हमखास एक आवाज येतो, "पण मॅडम, मला तर खरंच बरं वाटतं!"

खरंच वाटतं, यात शंका नाही. खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. मारल्यावर बरं वाटत नसतं तर ही समजूत केव्हाच मेली असती.

माझा भाचा भांडुपला राहतो आणि लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी करतो. ऑफिसचं नाव घेत नाही, पण त्याचा मॅनेजर माणसाला चारचौघांत उभं-आडवं झापणाऱ्यांपैकी आहे. या मॅनेजरपायी भाच्यानं धोबीतलावच्या एका खेळसाहित्याच्या दुकानातून चार फुटी पंचिंग बॅग आणली. आत चिंध्या ठासून भरलेल्या, वर चार साखळ्या. गॅलरीच्या छताला हूक ठोकून ती टांगली. प्रत्येक ठोशाला हूक कुरकुरायचा आणि छताच्या गिलाव्याची पांढरी भुकटी खालच्या तुळशीवर पडायची. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार केली, तेव्हा माझ्या बहिणीनं मला फोन केला. तिचा मुद्दा गिलाव्याचाच होता. "तू शिकवतेस ना हे सगळं, मग त्याला सांग की भिंतींवर परिणाम होतोय."

भिंतींपेक्षा मला त्या बॅगेत जास्त रस वाटला. पण भाच्याकडे वळण्याआधी ही कल्पना आली कुठून ते थोडक्यात सांगते.

शोकांतिका पाहताना करुणा आणि भीती यांचं विरेचन होतं, असं ॲरिस्टॉटलनं नाटकाबद्दल लिहिलं होतं. बिचाऱ्यानं उशा बडवायला कुणाला सांगितलं नव्हतं. १८५७ साली याकोब बेर्नेज नावाच्या जर्मन अभ्यासकानं या विरेचनाचा वैद्यकीय अर्थ लावला. पोट साफ व्हावं तसं भावनांचं. हा बेर्नेज फ्रॉइडच्या बायकोचा काका. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी उन्मादाच्या रुग्णांवरचं पुस्तक काढलं, त्यात दडपलेली भावना बाहेर पडली की लक्षणं जातात अशी मांडणी होती. फ्रॉइडनं ती उपचारपद्धत पुढे सोडून दिली, पण तिच्यातलं चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. आत वाफ कोंडते, शिट्टी झाली नाही तर कुकर फुटतो. आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात कुकर असल्यामुळे हे चित्र आपल्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही. प्रश्न एवढाच, की माणसाच्या आत असं काही साठतं का? साठत असेल तर मारल्यावर ते कमी भरायला हवं. आणि हे तपासून बघता येतं.

ते सगळ्यात नेटकेपणानं तपासलं ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं. त्याचा हा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. सहाशे विद्यार्थी होते, तीनशे मुलगे आणि तीनशे मुली. प्रयोगाचा खरा हेतू त्यांना अर्थातच सांगितला नव्हता. प्रत्येकानं गर्भपाताच्या प्रश्नावर आपल्या बाजूनं एक छोटा निबंध लिहायचा, आणि पलीकडच्या खोलीत बसलेला दुसरा विद्यार्थी तो तपासणार, असं सांगण्यात आलं. पलीकडे कुणीच नव्हतं. निबंध परत आला तो मुद्देसूदपणा, भाषा, स्पष्टता सगळ्यात वाईट शेरे घेऊन, आणि खाली हातानं लिहिलेलं, की मी वाचलेल्या सर्वांत वाईट निबंधांपैकी हा एक आहे. विषय जिव्हाळ्याचा, मत स्वतःचं आणि शेरा असा. कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल.

आता त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला पंचिंग बॅग दिली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर, ज्यानं शेरा मारला तो हाच, असं म्हणून एक चेहरा दाखवला. याचा विचार करत हवे तितके ठोसे मारा. दुसऱ्या गटालाही बॅग दिली, पण पडद्यावर एक व्यायामपटू होता आणि सांगितलं होतं की आपण तंदुरुस्त होतोय असा विचार करत मारा. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. कॉम्प्युटर दुरुस्त होतोय अशा काहीतरी सबबीवर दोन मिनिटं गप्प बसवून ठेवलं.

दुसरा गट हा या प्रयोगाचा प्राण आहे असं मला वाटतं. तो नसता तर निकालाचा अर्थच लागला नसता. पहिल्या आणि दुसऱ्या गटात हात तेवढेच चालतात, घाम तेवढाच येतो. फरक फक्त डोक्यात काय चाललंय याचा. रागाची वाफ ठोशातून जात असेल तर दोन्ही गट शांत व्हायला हवेत. आणि ज्याचा राग आलाय त्याच्याच नावानं ठोसे मारण्यात काही खास गुण असेल, तर पहिला गट सगळ्यात शांत व्हायला हवा.

मग राग मोजला. आधी प्रश्नावलीनं, म्हणजे आत्ता कसं वाटतंय ते विचारून. पण माणूस सांगतो त्यावर फार विसंबता येत नाही, म्हणून नंतर एक खेळ ठेवला. त्याच 'पलीकडच्या' विद्यार्थ्याशी स्पर्धा. इशारा मिळताच बटण कोण आधी दाबतं ते बघायचं, आणि हरणाऱ्याच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज सोडला जाणार. आवाज किती मोठा आणि किती वेळ, ते प्रतिस्पर्ध्यानं आधीच ठरवून ठेवायचं. सर्वांत हळू ६० डेसिबल, म्हणजे साधं बोलणं. सर्वांत मोठा १०५, म्हणजे धुराचा इशारा देणारा भोंगा कानाशी वाजावा तसा. आवाज न देण्याचीही मुभा होती. तेव्हा कुणी किती आवाज निवडला, हे त्याच्या मनात उरलेल्या रागाचं माप.

चेहरा बघत ठोसे मारणारा पहिला गट सगळ्यात जास्त चिडलेला निघाला आणि त्यानंच सगळ्यात मोठे आवाज सोडले. त्याखालोखाल व्यायामाचा विचार करत मारणारा गट. आणि सगळ्यात कमी आक्रमक होते ते दोन मिनिटं नुसते बसून राहिलेले. बुशमननं निष्कर्षात लिहिलं, की राग बाहेर काढण्यापेक्षा काहीही न करणं अधिक गुणकारी ठरलं.

हे सांगितल्यावर वर्गात पुन्हा तोच आवाज येतो, की पण बरं वाटतं त्याचं काय? या प्रश्नाला १९७५ सालच्या एका प्रयोगात फार चांगलं उत्तर आहे. त्यात विद्यार्थ्यांना एका माणसाकडून विजेचे सौम्य झटके बसले. साहजिकच ते चिडले. मग काहींना त्या माणसाला उलट झटके द्यायची संधी मिळाली, काहींना नाही. (त्या माणसाला खरे झटके बसत नव्हते, तो प्रयोग करणाऱ्यांच्याच बाजूचा होता.) ज्यांनी परतफेड केली त्यांचा रक्तदाब उतरला. म्हणजे हलकं वाटणं हा भास नाही, ते दंडाला बांधलेल्या पट्टीवरही दिसतं. पण त्यानंतर सगळ्यांनाच झटके द्यायची आणखी एक संधी दिली, तेव्हा जे आधी परतफेड करून हलके झाले होते, त्यांनीच जास्त तीव्र झटके दिले.

शरीर शांत झालं आणि हात अधिक सैल सुटला. कुकरच्या हिशेबात हे बसत नाही, पण सवयीच्या हिशेबात बरोबर बसतं. एखादी कृती केली की लगेच सुख वाटलं, तर ती कृती पुन्हा करावीशी वाटते. राग आला, मारलं, बरं वाटलं. मेंदूनं याची नोंद घेतली. पुढच्या वेळी राग आला की तो आधी मारण्याचीच वाट दाखवणार, कारण तिथे बक्षीस ठेवलेलं आहे. एरवी मनात जी थोडी आडकाठी असते, 'असं कसं मारायचं कुणाला' ही, ती पहिल्या वेळेला ओलांडली की दुसऱ्या वेळेला तिची उंची कमी झालेली असते.

बुशमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं पकडली. काहींना एक निरुपद्रवी गोळी दिली आणि सांगितलं, की हिच्यामुळे तासभर तुमची मनःस्थिती आहे तशीच गोठून राहील, बदलणार नाही. गोळीत तसं काहीच नव्हतं. पण आता काहीही केलं तरी बरं वाटणार नाही, अशी खात्री झाल्यावर, एरवी राग काढणारी माणसंसुद्धा आक्रमक वागेनाशी झाली. याचा अर्थ आपण रागाच्या भरात भान सुटून मारतो असं जे म्हणतो, ते पुरतं खरं नाही. पुष्कळदा बरं वाटावं म्हणून मारतो. भान सुटलेला माणूस गोळीचा हिशेब करत नाही.

आता भाच्याकडे येते. त्याला मी व्याख्यान दिलं नाही. मावशीनं व्याख्यान दिलं की भाचे 'हो' म्हणतात आणि फोन बघायला लागतात. त्याला म्हटलं, तू इंजिनिअर आहेस, मोजून बघ. ऑफिसातून निघताना राग दहापैकी किती, घरी बॅगेला हात लावायच्या आधी किती, मारून झाल्या झाल्या किती, आणि झोपायच्या आधी किती. चार आकडे, फोनमध्ये टिपून ठेवायचे.

त्यातली एक मंगळवारची संध्याकाळ सांगते. दुपारी क्लायंटसमोर मॅनेजर याच्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाला होता, "हे काय शाळेतल्या पोराकडून करून घेतलंय?" ऑफिसातून निघताना आकडा होता आठ. करी रोडच्या जिन्यावर गर्दी, मग भांडुपपर्यंत स्लो लोकल. दारात लटकायला मिळालं की हा खूश असतो, तसं मिळालं. उतरल्यावर स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला. घरी पोचला तेव्हा आकडा पाच. मग बॅग. चांगली वीसेक मिनिटं, हाताला पट्ट्या बांधून. संपल्यावर आकडा तीन, आणि त्यापुढे त्यानं लिहिलं होतं, 'बेस्ट वाटतंय'. रात्री अकराला मात्र आकडा सात.

हे चार आकडे नीट बघितले तर बरंच काही दिसतं. आठाचे पाच झाले ते बॅगेशिवाय. रेल्वेनं, वाऱ्यानं, वडापावनं आणि मुख्यतः तासभर गेल्यामुळे. राग असाच असतो, त्याला खतपाणी मिळालं नाही तर तो आपोआप उतरायला लागतो. पण भाच्याच्या मनात या उताराचं सगळं श्रेय बॅगेच्या खात्यावर जमा होत होतं, कारण 'बरं वाटतंय' हे त्याच्या लक्षात यायचं ते बॅगेजवळ उभं असताना. पाचाचे तीन झाले, तो दमल्याचा आणि ठोसे मारल्याच्या समाधानाचा परिणाम. आणि तिनाचे सात कसे झाले, ते मला त्यानं सांगितलं नाही. मीच एका संध्याकाळी गॅलरीच्या दाराशी बसून ऐकलं.

तो मारताना बोलतो. आधी नुसता श्वास, मग पुटपुटणं, मग चक्क संवाद. "शाळेतलं पोर? हां? शाळेतलं पोर?" एक डावा, एक उजवा. "तुला स्वतःला तरी येतं का रे?" मग थोडं थांबून, बॅग हातानं धरून, तीच ओळ जरा बदलून पुन्हा. दुपारी जे उत्तर सुचलं नव्हतं ते आता सुचत होतं आणि प्रत्येक ठोशाबरोबर त्याची तालीम होत होती. मीटिंग दोन मिनिटांची होती. बॅगेपाशी ती वीस मिनिटं चालली, आणि मूळ मीटिंगपेक्षा किती तरी जास्त रंगली. बुशमननं पडद्यावर चेहरा दाखवला होता. भाच्याला पडद्याची गरज नव्हती, चेहरा त्यानं ऑफिसातूनच आणला होता. आमच्या भाषेत याला रवंथ म्हणतात. गाय करते तेच. रागाच्या बाबतीत तो कितीही केला तरी काही पचत नाही.

यात शरीराचाही एक भाग आहे आणि तो जरा फसवा आहे. वीस मिनिटं ठोसे मारल्यावर छाती धडधडते, कान गरम होतात, स्नायू ताठ असतात. राग आल्यावरही अगदी हेच होतं. शरीरात रागाची वेगळी आणि व्यायामाची वेगळी अशी धडधड नसते, ती कशाची हे मन आजूबाजूला बघून ठरवतं. आणि ती ओसरायला आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपण शांत झालो असं वाटून खाली बसतो, तरी आत थोडी धग शिल्लक असते. नेमकं तेव्हा फोनवर ऑफिसच्या ग्रुपमध्ये मॅनेजरचा काही निरोप आला, की ती उरलेली धग त्याच्या नावावर चढते. गर्दीच्या वेळी दादरचा पूल चढून उतरल्यावर कुणाचा कोपर लागला तर जितका संताप येतो, तितका तोच कोपर बाकावर निवांत बसलेलं असताना लागला तर येत नाही, ते याचमुळे.

दुसऱ्या एका संध्याकाळी बहिणीकडे पाहुणे होते, गॅलरीत खुर्च्या मांडल्या होत्या आणि बॅग वर गुंडाळून ठेवली होती. त्या दिवशीही ऑफिसात काही तरी झालंच होतं. निघताना सात, घरी पोचताना पाच. मग तो पाहुण्यांच्या लहान मुलाबरोबर पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या बॅटनं क्रिकेट खेळत बसला. रात्रीचा आकडा दोन. एका माणसाच्या दोन संध्याकाळी म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मी त्याला आणि स्वतःलाही बजावलं. दोन्ही दिवशीचे अपमान सारखे नव्हते, आणि मावशी वही घेऊन बसली आहे हे त्याला माहीत होतं. पण त्याला विचार करायला एवढं पुरलं.

पुराव्याचं म्हणाल तर २०२४ मध्ये सोफी केर्विक आणि बुशमन यांनी या विषयावरचे १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात दहा हजारांहून जास्त माणसं होती. त्यातून सरळ चित्र निघालं. शरीराची धग कमी करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, योगासनं यांनी राग कमी झाला. धग वाढवणाऱ्या गोष्टींनी एकूणात काही फरक पडला नाही. पळण्यानं तर राग वाढल्याचंच दिसलं. त्यातल्या त्यात चेंडूचे खेळ बरे निघाले, बहुधा त्यात खेळण्याची मजा मिसळलेली असते म्हणून. हे वाचल्यावर मला पॅसेजमधलं प्लास्टिकच्या बॅटचं क्रिकेट आठवलं, हे कबूल.

इथे कुणी शिमग्याचा दाखला देईल, आणि देतातच. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं म्हणून वर्षातून एकदा बोंबा मारायची आणि शिव्या द्यायची मुभा ठेवली, म्हणजे वर्षभराचं साचलेलं निघून जातं, असं म्हणतात. मला हे पटत नाही. होळीपुढे बोंब मारणाऱ्या माणसाचा चेहरा बघा. तो रागावलेला नसतो, तो मजेत असतो. शेजाऱ्याच्या नावानं बोंब मारतो तेव्हा शेजारीही हसतच असतो. तो खेळ आहे. ज्याच्याशी खरंच पार्किंगवरून वैर आहे, त्याच्या नावानं खऱ्या रागानं बोंब मारून बघा, धुळवडीच्या दिवशी पोलीस चौकीत जावं लागेल.

मग राग गिळायचा का, असं भाच्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. गिळणं आणि ओकणं या दोनच वाटा आहेत असं आपण धरून चालतो, तेही कुकरच्याच चित्रामुळे. २०१२ चा एक प्रयोग मी त्याला सांगितला. त्यात विद्यार्थ्यांना कोडी सोडवताना प्रयोगकर्ता मुद्दाम पुन्हा पुन्हा खेकसत होता, की मोठ्यानं बोला, सूचना पाळता येत नाहीत का? नंतर काहींना तो प्रसंग पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी जगायला सांगितला. काहींना सांगितलं, की चार पावलं मागे सरका आणि तो प्रसंग लांबून बघा, त्यात तुम्हीही एक पात्र आहात असं समजून. लांबून बघणाऱ्यांचा राग कमी राहिला आणि नंतर त्यांनी दुसऱ्याला त्रासही कमी दिला. म्हणजे प्रसंग आठवायचाच नाही असं नाही. आठवताना आपण कुठे उभे आहोत, यावर बरंच अवलंबून असतं. बॅगेपाशी भाचा पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच मॅनेजरच्या बोटासमोर जाऊन बसत होता.

या सगळ्याला मर्यादा आहेत. प्रयोगशाळेतला राग हा अनोळखी माणसानं मारलेल्या शेऱ्याचा, तासाभराचा राग असतो. वर्षानुवर्षं घरात मार खाणाऱ्या बाईच्या रागाबद्दल त्यावरून बोलू नये, मी बोलत नाही. शिवाय गटागटांतले फरक सरासरीचे असतात. बॅगेवर मारून खरंच शांत होणारा एखादा असेलही. आणि बॉक्सिंग हा उत्तम व्यायाम आहे. हृदयासाठी, दमासाठी, झोपेसाठी तो जरूर करावा. फक्त कुणाचा चेहरा बरोबर न्यायचा नाही, आणि रागाच्या ऐन भरात जायचं नाही.

हातांचं जे, तेच तोंडाचं. आमच्या इमारतीचं पुनर्विकासाचं काम रखडलंय आणि बिल्डरनं भाडं थकवलंय. त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर रोज रात्री शिव्यांचा जो पाऊस पडतो, तो वाचताना मला सॅन दिएगोचे इंजिनिअर आठवतात. विमान आणि अवकाश क्षेत्रातल्या एका कंपनीनं त्यांना कामावरून काढलं होतं. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संशोधकांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या. काहींना असे प्रश्न विचारले, की कंपनी तुमच्याशी कुठे कुठे अन्यायानं वागली? काहींना तसेच प्रश्न वरिष्ठाबद्दल विचारले. नंतर सगळ्यांना एक प्रश्नावली भरायला दिली. कंपनीबद्दल भडाभडा बोललेल्यांचा राग कमी झाला नव्हता, वाढला होता, आणि तोही कंपनीवरच, वरिष्ठावर नाही. वरिष्ठाबद्दल बोललेल्यांचा वरिष्ठावर वाढला. ज्या दिशेनं तोंड वळवलं, नेमका त्या दिशेचा राग पक्का झाला.

आमच्या ग्रुपवर तसंच चाललंय. बिल्डरला नवी नवी विशेषणं मिळतात, खाली अंगठे उमटतात, सगळ्यांना बरं वाटतं आणि सगळे झोपायला जातात. राग रास्त आहे. भाडं खरंच थकलंय, लोक खरंच पदरचे पैसे घालून परळपासून लांब विरारला राहताहेत. मागच्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त बँकवाल्या काकूंनी ग्रुपवर फक्त एक तक्ता टाकला. खोली क्रमांक, करारात ठरलेलं दरमहा भाडं, शेवटचं भाडं आलेली तारीख, थकबाकी. खाली एकच ओळ होती: "ज्यांचे रकाने रिकामे आहेत त्यांनी मंगळवारपर्यंत भरावेत, वकिलांना द्यायचे आहेत." त्या रात्री ग्रुपवर एकही शिवी पडली नाही, सगळे आपापली बँक पासबुकं शोधत होते. भाच्यानं त्यांच्याकडून तक्त्याचा नमुना मागून घेतलाय. मॅनेजर कुठल्या तारखेला, कुणासमोर, काय बोलला, ते तो आता तशाच रकान्यांत लिहितोय, एचआरकडे नेण्यासाठी. बॅग अजून गॅलरीत आहे. बहिणीनं हुकाभोवतीचा गिलावा करून घेतला, सिमेंट आणि मजुरी धरून नऊशे रुपये गेले, आणि ते तिनं भाच्याकडून वसूल केले.